विधेयकाचा कायदा होताना: दहा गुणांत कुठल्या टप्प्याला किती जागा द्यायची

प्रश्न: ‘संसदीय लोकशाहीत विधेयकाचं कायद्यात रूपांतर कसं होतं?’ हा प्रश्न दहा गुणांना येतो. टप्पे सगळे पाठ आहेत, क्रमानेच लिहिते, तरी पाच-साडेपाचच्या वर गुण जात नाहीत. प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय आणि किती लिहायचं?

उत्तर:

राज्यशास्त्र शिकवण्यात आणि उत्तरपत्रिका तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. या प्रश्नाच्या शेकडो उत्तरांतून मला जे दिसलं ते आधी सांगतो. पाच गुणांच्या उत्तरात क्रम बरोबर असतो. पण प्रत्येक टप्प्यावर एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येतं: ‘या टप्प्यात विधेयकावर चर्चा होते व ते मंजूर केले जाते.’ पहिल्या वाचनात चर्चा, दुसऱ्यात चर्चा, तिसऱ्यात चर्चा, दुसऱ्या सभागृहात पुन्हा चर्चा. वाचणाऱ्याला कळतच नाही की एवढ्या वेळा चर्चा का करायची. तुमचे गुण अडतात ते बहुधा इथेच.

खरं तर प्रत्येक टप्प्यावर सभागृहासमोर वेगळा प्रश्न असतो. पहिल्या वाचनात प्रश्न असतो, हे विधेयक सभागृहात येऊ द्यायचं का? दुसऱ्याच्या पूर्वार्धात, याचं तत्त्व मान्य आहे का? उत्तरार्धात, हा खंड आहे तसा हवा की बदलून? तिसऱ्यात, आता जे तयार झालं ते एकूण स्वीकारायचं का? दुसऱ्या सभागृहात, पहिल्याने केलं ते आम्हाला पटतं का, आणि नसेल तर मार्ग कसा काढायचा? राष्ट्रप्रमुखांपुढे, यावर सही करायची की फेरविचाराला परत पाठवायचं? टप्पा लिहिताना आधी हा प्रश्न मनात आणा. मग कोण ठरवतं आणि गाडी कुठे अडू शकते, हे वाक्यात आपोआप उतरतं.

काही गोष्टी तुमच्या परीक्षेवर अवलंबून आहेत. शब्दमर्यादा दीडशे असेल तर सूट कमी, अडीचशे असेल तर उदाहरणाला जागा मिळते. आदर्श उत्तरपत्रिकेत टप्प्यागणिक गुण बांधलेले असतील तर एकही टप्पा गाळून चालत नाही. आणि प्रश्नात ‘भारतीय संसदेत’ असं आहे की नुसतं ‘संसदीय लोकशाहीत’, हे नीट वाचा. नुसतं ‘संसदीय लोकशाहीत’ असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा की सांगाडा ब्रिटिश परंपरेतून आलेला आहे, तपशील देशागणिक बदलतात, आणि मी भारताचं उदाहरण घेत आहे. दुसऱ्या सभागृहाचा टप्पा सगळीकडे असतोच असंही नाही. न्यूझीलंडमध्ये १९५१ पासून एकच सभागृह आहे.

गुणांची वाटणी मी विद्यार्थ्यांना अशी सांगतो, आणि ती माझी स्वतःची आहे, कुठल्या मंडळाची नाही. मसुदा आणि पहिलं वाचन मिळून दोन, दुसरं वाचन समितीसह तीन, तिसरं वाचन एक, दुसरं सभागृह दोन, राष्ट्रप्रमुखांची संमती आणि अंमल मिळून दोन. वेळही याच प्रमाणात द्या. बहुतेक जण पहिल्या वाचनावर पाच ओळी लिहितात आणि शेवटी ‘राष्ट्रपतींच्या सहीने कायदा होतो’ या एका ओळीवर उत्तर संपवतात. हे प्रमाण उलटं आहे.

टप्पे समजावताना मी वर्गात एकच विधेयक शेवटपर्यंत नेतो. त्यासाठी लोकपाल आणि लोकायुक्त विधेयकासारखं दुसरं उदाहरण मला मिळालेलं नाही, कारण त्याच्या वाटेत जवळजवळ प्रत्येक वळण आलं. तेच इथे घेतो.

सुरुवात सभागृहाबाहेर होते. संबंधित मंत्रालय मसुदा तयार करतं, विधी मंत्रालय तो कायद्याच्या भाषेत बसवतं, मंत्रिमंडळ मान्यता देतं. हे एका वाक्यात आटोपा. सोबत एवढं लिहा की मंत्री मांडतो ते सरकारी विधेयक आणि मंत्री नसलेला सदस्य मांडतो ते खासगी विधेयक.

पहिलं वाचन म्हणजे विधेयक पुरःस्थापित करणं. मंत्री परवानगी मागतो, सभागृह ती देतं, विधेयक राजपत्रात छापलं जातं. इथे गुणदोषांवर चर्चा होत नाही. अपवाद एकच लक्षात ठेवा. हा कायदा करण्याचा अधिकारच या सभागृहाला नाही, असा आक्षेप कुणी घेतला तर अध्यक्ष त्यावर पूर्ण चर्चा होऊ देऊ शकतात. ‘पहिल्या वाचनात सविस्तर चर्चा होते’ असं वाक्य मला इतक्या उत्तरपत्रिकांत दिसलं आहे की ते खोडताना हात आपोआप चालतो. तिथे अर्धा गुण हमखास जातो.

आता समिती. विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि त्याला कारणही आहे, कारण समितीची जागा सगळीकडे सारखी नाही. ब्रिटनमध्ये आधी दुसऱ्या वाचनात तत्त्व मान्य होतं आणि मग विधेयक समितीकडे जातं. न्यूझीलंडमध्ये ते पहिल्या वाचनानंतरच समितीकडे जातं. भारतात दोन दारं आहेत. एक, विभागवार स्थायी समित्या. त्या १९९३ पासून आहेत, आणि विधेयक पुरःस्थापित झाल्यावर, दुसरं वाचन सुरू होण्याआधीच त्यांच्याकडे पाठवता येतं. दुसरं दार दुसऱ्या वाचनाच्या पूर्वार्धात उघडतं. ‘हे विधेयक विचारात घेण्यात यावं’ असा प्रस्ताव आला की त्याऐवजी ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावं, किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करावं, असं सभागृह ठरवू शकतं.

लोकपालाच्या बाबतीत दोन्ही दारं वापरली गेली. ऑगस्ट २०११ मध्ये सरकारने लोकसभेत एक विधेयक मांडलं, ते स्थायी समितीकडे गेलं आणि समितीचा अहवाल डिसेंबरात आला. सरकारने ते विधेयक मागे घेऊन २२ डिसेंबर २०११ रोजी नवं विधेयक मांडलं. म्हणजे समितीच्या शिफारशींमुळे कधी कधी दुरुस्त्यांऐवजी नवीनच मसुदा येतो. हे विधेयक पुढे राज्यसभेत गेल्यावर, २१ मे २०१२ रोजी, प्रवर समितीकडे पाठवलं गेलं. तेव्हा पहिल्या सभागृहातला समितीचा टप्पा कधीच मागे पडला होता. म्हणून समितीला ‘टप्पा क्रमांक तीन’ असा पक्का आकडा देऊ नका. ‘विधेयक समितीकडे पाठवता येते’ असं लिहा, ‘पाठवले जाते’ असं नको. सगळी विधेयकं समितीकडे जात नाहीत, आणि समितीची शिफारस सभागृहावर बंधनकारकही नसते.

दुसऱ्या वाचनाचा उत्तरार्ध म्हणजे खंडवार विचार. हे जवळून पाहिलं की लिहिणं सोपं जातं. अध्यक्ष एकेक खंड पुकारतात. त्यावर दुरुस्ती सुचवलेली असेल तर ती आधी मताला टाकतात आणि मग ‘खंड अमुक विधेयकाचा भाग व्हावा’ असं विचारतात. होयच्या बाजूने जास्त आवाज आले तर खंड मंजूर. कुणी आवाजी मतदानाला हरकत घेतली तर मतविभाजन होतं आणि मतं मोजली जातात. गंमतीची गोष्ट म्हणजे खंड १, ज्यात कायद्याचं नाव आणि तो कधीपासून लागू होईल हे असतं, तो सगळ्यात शेवटी घेतात. त्याच्याबरोबर अधिनियमन सूत्र आणि पूर्ण शीर्षक. आत काय राहिलं हे ठरल्याशिवाय नाव पक्कं करता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. उत्तरात ही एक ओळ आली तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याने प्रक्रिया समजून घेतली आहे.

तिसऱ्या वाचनात ‘विधेयक संमत करण्यात यावं’ असा प्रस्ताव येतो. आता आशयातले बदल चालत नाहीत. शाब्दिक, औपचारिक किंवा आधीच्या दुरुस्त्यांमुळे ओघाने लागणारे बदल तेवढे होतात. म्हणून याला एकच गुण आणि दोन वाक्यं पुरतात. लोकसभेने लोकपाल विधेयक २७ डिसेंबर २०११ रोजी संमत केलं, म्हणजे मांडल्यापासून पाच दिवसांत.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि ती विशेष बहुमत समजायला फार उपयोगी आहे. लोकपालाला घटनात्मक दर्जा देणारं वेगळं घटनादुरुस्ती विधेयकही त्याच सभागृहात मताला आलं होतं. तेच सदस्य, तोच दिवस, आणि तरी ते पडलं, कारण साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं, घटनादुरुस्तीला नाही. तिथे दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश. एक हिशेब करून बघा. सभागृहात ५४३ सदस्य धरा. मतदानात ३९० जणांनी भाग घेतला तर दोन तृतीयांश म्हणजे २६०, पण निम्म्याहून जास्त म्हणजे २७२, म्हणून इथे २७२ मतं लागतील. ४५० जणांनी भाग घेतला तर दोन तृतीयांश ३०० होतात आणि तोच आकडा गाठावा लागतो. दोन्हीतला मोठा आकडा खरा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दहा गुणांत हा हिशेब लिहायचा नाही. शेवटी एका वाक्यात सांगायचं की घटनादुरुस्ती विधेयकाला विशेष बहुमत लागतं आणि त्यासाठी संयुक्त बैठक बोलावता येत नाही.

आता दुसरं सभागृह. इथे तुमच्या उत्तरात ‘हीच प्रक्रिया पुन्हा होते’ एवढंच असेल, तर दोनपैकी अर्धा गुणही मिळणं कठीण. एक तर ती हुबेहूब तीच नसते. विधेयक आता मंत्री पुरःस्थापित करत नाही. पहिल्या सभागृहाने संमत केलेली प्रत महासचिव सभागृहाच्या पटलावर ठेवतात आणि तिथून थेट विचारात घेण्याचा टप्पा सुरू होतो. दुसरं म्हणजे इथे चार शक्यता फुटतात: सभागृह जसंच्या तसं मान्य करतं, दुरुस्त्या करून परत पाठवतं, फेटाळतं, किंवा काहीच न करता ठेवून देतं.

लोकपाल विधेयकाच्या वाट्याला आधी चौथी शक्यता आली. २९ डिसेंबर २०११ रोजी राज्यसभेत रात्री बारापर्यंत चर्चा चालली, ढीगभर दुरुस्त्या आलेल्या होत्या, आणि मतदान न होताच सभागृह बेमुदत तहकूब झालं. सगळ्यात मोठा आक्षेप राज्यांमधल्या लोकायुक्तांबद्दल होता. राज्यात कोणती यंत्रणा असावी हे केंद्राच्या कायद्याने का ठरवायचं, असा प्रश्न अनेक पक्षांचे सदस्य विचारत होते. राज्यसभा हे राज्यांचं सभागृह मानलं जातं, म्हणून हा आक्षेप तिथे जोरात यावा हे स्वाभाविकच होतं. दुसऱ्या सभागृहाचं काम काय, याचं उत्तर या एका रात्रीत दिसतं. म्हणून मी हा प्रसंग वर्गात सावकाश सांगतो.

प्रवर समितीचा अहवाल २३ नोव्हेंबर २०१२ रोजी आला. त्यानंतरही वर्ष गेलं. शेवटी १७ डिसेंबर २०१३ रोजी राज्यसभेने विधेयक दुरुस्त्यांसह संमत केलं. मूळ विधेयकात राज्यांच्या लोकायुक्तांसाठी एक आख्खा भाग होता. अंतिम कायद्यात त्याच्या जागी एक छोटं कलम उरलं, कलम ६३: ज्या राज्यात लोकायुक्त नाही त्याने हा कायदा लागू झाल्यापासून एका वर्षात, स्वतःच्या विधिमंडळाच्या कायद्याने, तो स्थापन करावा. आता १८ डिसेंबरला लोकसभेत काय झालं ते बघा. लोकसभेने पूर्ण विधेयकाचा नव्याने विचार केला नाही, फक्त राज्यसभेच्या दुरुस्त्या विचारात घेतल्या आणि मान्य केल्या. दोन्ही सभागृहांची प्रत शब्दाशब्दाने एक झाली. ‘दोन्ही सभागृहांनी एकाच स्वरूपात मान्य करणे’ हे वाक्य उत्तरात हवंच. साध्या विधेयकाच्या बाबतीत या टप्प्याचा गाभा तोच आहे.

लोकसभेने त्या दुरुस्त्या नाकारल्या असत्या तर? साध्या विधेयकावर मतभेद कायम राहिले, दुसऱ्या सभागृहाने ते फेटाळलं, किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ संमत केलं नाही, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. लोकसभेचे अध्यक्ष तिचं अध्यक्षपद भूषवतात आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने निर्णय होतो. संख्या पाहता पारडं लोकसभेकडे झुकतं. आजवर अशा तीनच विधेयकांचा निकाल संयुक्त बैठकीत लागला: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करणं आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंध. सहा महिन्यांच्या मोजणीत एक खाच आहे. सत्र संस्थगित असलेला काळ, किंवा सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी, त्यात धरत नाहीत. म्हणून कॅलेंडरवर सहा महिने उलटले म्हणजे संयुक्त बैठकीचा रस्ता मोकळा झाला, असं लिहू नका.

ब्रिटनची तुलना इथे एका वाक्यात चपखल बसते. तिथे संयुक्त बैठक नाही. १९११ आणि १९४९ च्या संसद कायद्यांमुळे लॉर्ड्स सभागृह साधारण वर्षभर विधेयक रोखू शकतं, कायमचं अडवू शकत नाही. सामान्य प्रश्न असेल तर ही ओळ घाला. भारतावरच्या प्रश्नात ती नसली तरी चालते.

धन विधेयकाला दोन ओळी द्या. ते लोकसभेतच मांडता येतं, ते धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष प्रमाणित करतात, राज्यसभेने १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करायचं असतं, आणि त्या शिफारशी मानणं लोकसभेवर बंधनकारक नसतं. विद्यार्थी इथे ‘राज्यसभेला धन विधेयकावर चर्चा करता येत नाही’ असं लिहितात. ते चूक आहे. चर्चा करता येते, अडवता येत नाही.

अडण्याची आणखी एक जागा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही: लोकसभा विसर्जित होणं. लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयकं, आणि लोकसभेने संमत करून राज्यसभेत पडून असलेली विधेयकं, विसर्जनाबरोबर व्यपगत होतात. लोकपालाचं पहिलं विधेयक १९६८ चं. ते १९६९ मध्ये लोकसभेने संमत केलं, राज्यसभेत प्रलंबित राहिलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर संपलं. २०११ च्या विधेयकावरही तीच वेळ आली असती. २०१४ ची निवडणूक जवळ आली होती आणि विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये मार्गी लागलं. याउलट राज्यसभेतच मांडलेलं आणि तिथेच प्रलंबित असलेलं विधेयक विसर्जनाने व्यपगत होत नाही. शब्दमर्यादा सैल असेल तर दुसऱ्या सभागृहाच्या परिच्छेदात हे एक वाक्य जरूर लिहा.

राष्ट्रपतींच्या टप्प्यावर तीन पर्याय आहेत: संमती देणं, संमती रोखून ठेवणं, आणि धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवणं. परत पाठवलेलं विधेयक संसदेने बदलासह किंवा बदलाविना पुन्हा संमत केलं तर राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. २००६ मध्ये लाभाच्या पदांसंबंधीचं विधेयक राष्ट्रपती कलाम यांनी परत पाठवलं, संसदेने ते पुन्हा संमत केलं आणि मग त्यांनी सही केली. पण निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याची मुदत राज्यघटनेत नाही. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. घटनादुरुस्ती विधेयकाला मात्र १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीपासून संमती देणं बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये राजसंमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा आहे. म्हणून या टप्प्याला ‘निव्वळ औपचारिकता’ म्हणायचं का, हे देशावर अवलंबून आहे.

आणि मग अंमल. इथे बहुतेकांचं पेन आधीच खाली ठेवलेलं असतं. लोकपाल विधेयकाला राष्ट्रपतींची संमती १ जानेवारी २०१४ रोजी मिळाली आणि त्या दिवशी त्याचा अधिनियम झाला. पण तो लागू झाला १६ जानेवारीला, कारण सरकार राजपत्रात अधिसूचना काढेल त्या दिवसापासून तो लागू होईल, असं त्याच्या पहिल्याच कलमात होतं. प्रत्यक्ष पहिले लोकपाल नेमले गेले ते मार्च २०१९ मध्ये. संमतीचा दिवस, लागू होण्याचा दिवस आणि यंत्रणा उभी राहण्याचा दिवस हे तीन वेगळे असू शकतात. पहिले दोन उत्तरात वेगळे दाखवा, शेवटचा अर्धा गुण तिथे आहे.

आता हे सगळं दोनशे शब्दांच्या आसपास कसं दिसेल, ते लिहून दाखवतो. यातली वाक्यं पाठ करू नका, प्रत्येक टप्प्याला किती ओळी आल्या ते मोजा.

> संसदीय लोकशाहीत विधेयक म्हणजे कायद्याचा प्रस्तावित मसुदा. प्रक्रियेचा सांगाडा ब्रिटिश परंपरेतला असून तपशील देशागणिक बदलतात. येथे भारताचे उदाहरण घेतले आहे. मंत्रालयाने तयार केलेला मसुदा मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर सभागृहात येतो. प्रथम वाचनात तो पुरःस्थापित होऊन राजपत्रात प्रसिद्ध होतो. या वेळी गुणदोषांवर चर्चा होत नाही.
>
> द्वितीय वाचन निर्णायक असते. प्रथम विधेयकाच्या तत्त्वांवर चर्चा होते. या टप्प्यावर ते प्रवर किंवा संयुक्त समितीकडे पाठवता येते. स्थायी समितीकडे ते याआधीही जाऊ शकते. त्यानंतर प्रत्येक खंड व त्यावरील दुरुस्त्या स्वतंत्रपणे मतास टाकल्या जातात. तृतीय वाचनात केवळ शाब्दिक बदल होतात व संपूर्ण विधेयक स्वीकारले किंवा फेटाळले जाते.
>
> दुसरे सभागृह विधेयक मान्य करू शकते, दुरुस्त करून परत पाठवू शकते, फेटाळू शकते किंवा प्रलंबित ठेवू शकते. लोकपाल विधेयक लोकसभेने २०११ मध्ये संमत केले. राज्यसभेने २०१३ मध्ये केलेल्या दुरुस्त्या लोकसभेने मान्य केल्यावरच ते पूर्ण झाले. मतभेद न मिटल्यास संयुक्त बैठक बोलावता येते. धन विधेयक व घटनादुरुस्ती विधेयकासाठी ती तरतूद नाही.
>
> शेवटी राष्ट्रपती संमती देतात, ती रोखतात किंवा धन विधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवतात. पुन्हा संमत झालेल्या विधेयकास संमती देणे बंधनकारक असते. संमतीनंतर विधेयकाचा अधिनियम होतो. अनेक अधिनियम मात्र अधिसूचित दिनांकापासून अमलात येतात.

यात पहिल्या परिच्छेदाला दोन गुण, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन, चौथ्याला दोन. तुमची मर्यादा दीडशे शब्दांची असेल तर लोकपालाचं उदाहरण एका वाक्यात आणा आणि सुरुवातीची व्याख्या काढून टाका. खंडवार विचाराचं वाक्य आणि परत पाठवण्याचं वाक्य मात्र काढू नका.

आकृती काढावी का, असंही पुष्कळ जण विचारतात. वेळ उरत असेल तर काढा, पण नुसते बाण खाली नेणारी नको. दुसऱ्या सभागृहापासून पहिल्याकडे परत जाणारा बाण आणि राष्ट्रपतींपासून संसदेकडे परत येणारा बाण त्यात दिसलाच पाहिजे. ते दोन बाण नसतील तर आकृतीने उत्तरात काही भर पडत नाही.

उदाहरण म्हणून लोकपाल वापरणार असाल तर वर्षाकडे लक्ष द्या. राष्ट्रपतींची संमती २०१४ मध्ये मिळाली आणि अधिनियमाचा क्रमांकही ‘२०१४ चा १’ आहे, पण नाव आहे ‘लोकपाल आणि लोकायुक्त अधिनियम, २०१३’. संसदेने ते २०१३ मध्ये संमत केलं, त्यामुळे नावात तेच वर्ष आलं. उत्तरात नाव लिहिताना २०१३ आणि संमती लिहिताना २०१४ असं लिहा.